उडी मारणाऱ्यांचा गुडघा: नुसत्या आरामाने का बरा होत नाही?

व्हॉलीबॉल किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना गुडघेदुखीवर आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो: महिनाभर खेळ बंद, वेदनाशामक गोळ्या आणि बर्फाचा शेक. माझे स्पष्ट मत असे आहे की दुखणे वाटीच्या अगदी खालच्या टोकाला असेल, तर हा सल्ला अपुरा आहे आणि बऱ्याचदा तोच दुखणे लांबवतो. असे म्हणण्यामागचे कारण सविस्तर सांगतो.

मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीला येऊन मिळतो. वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या हाडापर्यंत एक जाड, चिवट पट्टा जातो. हा पेटेलर टेंडन. उडी मारताना आणि विशेषतः उडीवरून खाली येताना तो स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि पुन्हा आखडतो. एका सामन्यात स्मॅश आणि ब्लॉकसाठी असे किती वेळा होत असेल, याचा विचार करा. टेंडनची झीज भरून येण्याचा वेग फार मंद असतो. सरावाचा ताण अचानक वाढला की दुरुस्ती मागे पडते आणि वाटीच्या टोकाजवळचे तंतू विस्कळीत होतात. या आजाराला ‘जंपर्स नी’ म्हणतात. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत व्हॉलीबॉलपटूंपैकी ४५ टक्के आणि बास्केटबॉलपटूंपैकी ३२ टक्के जणांना हा त्रास होता.

आता आरामाचे पाहू. खेळ थांबवला की दुखणे कमी होते, कारण टेंडनवर ताणच येत नाही. पण त्याच काळात मांडीचा स्नायू बारीक होतो आणि टेंडनची ताण सोसण्याची क्षमताही घटते. महिन्याने खेळाडू पूर्वीइतक्याच उड्या मारायला मैदानात उतरतो, आणि दोन आठवड्यांत दुखणे परत येते. गोळ्यांचेही तसेच. हा मुख्यतः सुजेचा आजार नसल्याने गोळी वेदना दाबते, तंतू सुधारत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने सुरुवातीला छान वाटते, पण सहा महिन्यांनी त्याचा परिणाम व्यायामापेक्षा कमी पडलेला दिसतो. टेंडनला बळकट होण्याचा संदेश ताणातूनच मिळतो. म्हणून उड्या कमी करायच्या, पण वजनाचा भार मोजून द्यायचा, हा उपचाराचा गाभा आहे.

एक नमुनादाखल उदाहरण घेऊ. वीस वर्षांचा, कॉलेजच्या संघातून व्हॉलीबॉल खेळणारा मुलगा. सात महिन्यांपासून उजवा गुडघा दुखतो. जागा विचारली तर एका बोटाने वाटीचे खालचे टोक दाखवतो. सरावाच्या सुरुवातीला दुखते, अंग गरम झाले की कमी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठणकते. टाच उंच राहील अशा उतरत्या फळीवर उजव्या पायावर उभे राहून अर्धी बैठक मारल्यावर नेमके तिथेच दुखते. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे मोजले तर सहा. निदानासाठी एवढे सहसा पुरते. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही, कारण काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंच्या टेंडनमध्येही बदल दिसू शकतात.

पहिले दोन आठवडे त्याने सामने आणि उड्या थांबवायच्या. पासिंग व सर्व्हिसचा हलका सराव चालेल. व्यायामासाठी जिममधल्या लेग एक्स्टेन्शन मशीनवर गुडघा साधारण ६० अंशांत वाकवून वजन तसेच ४५ सेकंद धरून ठेवायचे. असे पाच वेळा, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. जिम नसेल तर भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखे होऊन, जमेल तितका भार दुखऱ्या पायावर घ्यायचा.

तिसऱ्या आठवड्यापासून संथ आणि जड व्यायाम सुरू होतो. लेग प्रेस किंवा बैठक, एक दिवसाआड, आठवड्यात तीनदा. खाली जायला तीन सेकंद, वर यायला तीन सेकंद. सुरुवातीला जेमतेम १५ वेळा उचलता येईल असे वजन आणि चार फेऱ्या. आठवड्यागणिक वजन वाढवत आणि आवर्तने कमी करत बाराव्या आठवड्यापर्यंत सहा वेळाच जमेल इतके वजन गाठायचे. इथेच बरेच जण चुकतात. दोन किलोची वाळूची पिशवी पायाला बांधून पन्नास वेळा पाय हलवल्याने टेंडनला पुरेसा ताण मिळत नाही.

व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. दहापैकी तीनपर्यंतचे दुखणे चालते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच एका पायावरच्या बैठकीची. आकडा कालच्याइतकाच असेल तर भार योग्य होता, वाढला असेल तर जास्त झाला. समजा आपल्या खेळाडूचा आकडा पाचव्या आठवड्यात तीनवर आला आणि त्याने मित्रांच्या आग्रहाने रविवारी पूर्ण सामना खेळला. सोमवारी सकाळी आकडा सहा. म्हणून सगळे सोडून झोपून राहायचे नाही. काही दिवस पुन्हा ४५ सेकंदांचे धरून ठेवण्याचे व्यायाम करायचे आणि आकडा तीनवर आला की थोड्या कमी वजनाने संथ व्यायाम सुरू करायचा.

वजन व्यवस्थित वाढले आणि आकडा तीनच्या आत स्थिर राहिला की उड्यांकडे वळायचे. आधी दोन्ही पायांवर थोड्या, मग जास्त उंच, मग एका पायावर. सुरुवातीला हे दर तिसऱ्या दिवशीच, कारण टेंडनला मधले दिवस लागतात. सामना सर्वांत शेवटी. खेळायला लागल्यावरही आठवड्यातून दोनदा जड व्यायाम चालू ठेवावा.

या उपचाराच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो सावकाश चालतो. सहा महिने लागू शकतात, कधी त्याहून अधिक. नेदरलँड्समधील २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टप्प्याटप्प्याने भार वाढवणाऱ्यांचे दुखणे चांगले कमी झाले, तरी २४ आठवड्यांनंतर पूर्वीच्या पातळीवर परतलेले खेळाडू निम्म्याहून कमीच होते. त्यामुळे ‘तीन आठवड्यांत बरे करतो’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. प्रशिक्षकांनाही माझी विनंती आहे की अशा मुलाला स्पर्धेच्या तोंडावर गोळी देऊन उतरवू नये.

प्रत्येक गुडघेदुखी ही नसते. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांत वाटीच्या बरेच खाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखत असेल तर ते वाढीच्या वयातले वेगळे दुखणे असते. गुडघा सुजला, अडकू लागला किंवा रात्री झोपेतून उठवण्याइतका दुखू लागला तर आधी तपासून घ्या. आणि उडी मारताना ‘फट्’ असा आवाज होऊन पाय सरळ उचलताच येईना, तर टेंडन तुटलेला असू शकतो. तेव्हा व्यायामाचा प्रश्नच येत नाही. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.