टॉवर मिटवा, पण होर्डिंगमागची इमारत मनाने बांधू नका

फोटो एडिटिंगचं दुकान टाकणारे बरेच जण टॉवर काढायचे आणि होर्डिंग काढायचे पैसे सारखेच सांगतात. माझ्या मते हे चूक आहे, कारण ही दोन कामं वेगळी आहेत.

मोबाईल टॉवर जाळीचा असतो. मागे बहुतेक आकाशच, आणि तेही जाळीतून दिसतं. डाव्या-उजव्या बाजूचा रंग उचलायचा आणि नव्या लेयरवर ग्रेडियंट टाकायचा. आकाश वर गडद आणि खाली फिकं असतं, म्हणून रंग त्याच उंचीवरचा घ्यायचा. फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. आजूबाजूला बारीक दाणे दिसतात आणि दुरुस्तीची जागा लोण्यासारखी गुळगुळीत दिसते, असं झालं तर थोडा नॉइज टाका. नाहीतर प्रिंटमध्ये डाग उठतो. गच्चीवर पडलेली टॉवरची सावलीही काढायची. ती हमखास विसरते.

होर्डिंगमागचं मात्र फोटोत काहीच नसतं. सुरुवातीला वर्ध्याच्या बाजारातल्या एका चौकाचा फोटो मी केला होता. होर्डिंग काढलं आणि शेजारच्या तीन खिडक्या क्लोन स्टॅम्पने उचलून तिथे बसवल्या. दिसायला झकास! गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "भाऊ, इथं तर आमची गॅलरी आहे ना!" फ्रेम परत, खर्च माझा. वर तीनही खिडक्यांखाली पाण्याचा एकच ओघळ होता, तो मला दिसलाच नव्हता.

आता मी आधी जागेवर जातो. समजा होर्डिंग २० फूट रुंद आहे, आपल्यापासून १०० फुटांवर, आणि इमारत २०० फुटांवर. म्हणजे इमारतीचा ४० फूट भाग झाकला जातो. त्याच गच्चीवर २० फूट उजवीकडे सरकून एक फोटो घेतला, तर झाकलेला उजवा अर्धा भाग दिसतो. डावीकडे २० फूट गेलं की उरलेला अर्धा मिळतो. दोन्ही फोटो त्याच वेळी, त्याच उंचीवरून, त्याच झूमवर घ्यायचे. मग फोटोशॉपमध्ये `Auto-Align Layers` आणि मास्क. भिंतीच्या कडा थोड्या तिरक्या बसल्या तर हाताने ओढाव्या लागतात. इमारत होर्डिंगला अगदी चिकटून असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. तेव्हा गिऱ्हाईकाकडे जुना फोटो मागतो, नसेल तर होर्डिंग राहू देतो.

म्हणून होर्डिंगचे पैसे मी जाण्यायेण्यासकट सांगतो. काही जण घासाघीस करून निघून जातात, जाऊ दे.

एक काम मात्र मी घेतच नाही. प्लॉट किंवा फ्लॅटच्या जाहिरातीतून शेजारचा टॉवर काढायचं. घरात लावायच्या फ्रेममधून टॉवर गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण घेणारा माणूस तो फोटो बघून बयाणा देतो, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे. "सगळेच करतात ना भाऊ," असं ऐकवतात. मी त्यांना सरळ सांगतो, दुसऱ्या कोनातून फोटो काढून देतो, पण टॉवर पुसून देणार नाही.