काटा पावती जपता, मग तक्रारीचा नंबर का नाही?

गट कार्यालयात आम्हांला भेटायला येणारे लोक पूर्वी लागणीची नोंद, तोडीचा क्रम आणि बेण्याचे बोलत. अलीकडे चारात एक जण बँकेचे गाऱ्हाणे घेऊन येतो. उसाचे बिल खात्यात जमा होते, आणि खात्यात घोटाळा झाला की माणूस ओळखीच्या माणसाकडेच येणार. आम्ही बँकेचे माणूस नव्हे, शेतकीचा डिप्लोमा झालेले. तथापि एका सभासदाच्या प्रकरणात चार महिने त्यांच्याबरोबर फिरलो. त्यातून आमचे जे मत झाले ते येथे मांडतो.

सभासद अंबड तालुक्यातले, गोदाकाठचे. सन 2023 च्या धनत्रयोदशीला, म्हणजे 10 नोव्हेंबरला, ते अंबडला दुसऱ्या एका बँकेच्या एटीएमवर गेले. दहा हजार मागितले. यंत्र घरघरले, नोटा काही आल्या नाहीत, आणि मोबाईलवर मात्र दहा हजार वजा झाल्याचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी मुलाने आपल्या बँकेच्या फोनवर तक्रार दिली. इथपर्यंत अगदी बरोबर झाले. यंत्र कोणाचेही असो, तक्रार आपले खाते आहे त्या बँकेकडेच द्यायची असते.

तिकडून एक लांबलचक तक्रार क्रमांक सांगितला गेला. मुले त्याला टिकीट नंबर म्हणतात. वीस तारखेला मेसेज आला, व्यवहार यशस्वी झाला आहे, तक्रार बंद. पुन्हा फोन, पुन्हा नवा नंबर, पुन्हा बंद. सहा डिसेंबरला तिसरा नंबर. त्यानंतर आम्ही दोघे शाखेत गेलो, तर तिथल्या साहेबांनी संगणकात पाहून सांगितले, "तुमची तक्रार सहा डिसेंबरची आहे. अजून तीस दिवस कुठे झालेत?"

सभासद गप्प. कारण आधीचे दोन नंबर मुलाच्या फोनमध्ये होते, मुलगा पुण्याला, आणि मेसेज पुसलेले. महिनाभर हेलपाटे घालून कागदावर हे प्रकरण जेमतेम चार दिवसांचे उरले होते.

वास्तविक खोड इथेच आहे. आपण समजतो की आपली एकच तक्रार चालू आहे. संगणकाच्या लेखी मात्र प्रत्येक फोन ही नवी तक्रार असते, आणि जुनी बंद झाली की समोरच्याला सहसा फक्त शेवटची दिसते. म्हणून दुसऱ्या वेळी फोन करताना पहिला वाक्प्रयोग हाच असावा: "माझी तक्रार अमुक तारखेची, नंबर अमुक, हा त्याचाच पाठपुरावा आहे, तसे लिहून घ्या." नवा नंबर दिला तर तो जुन्याच्या खालीच लिहावा.

आमच्या सभासदाला वाचवले ते भिंतीवरच्या कॅलेंडरने. दुधाचा हिशेब लिहितात त्या पानावर नातीने 11 नोव्हेंबरच्या चौकोनात पहिला नंबर लिहून ठेवला होता. एक आकडा दोनदा खोडलेला, पण वाचता येत होता.

या नंबराला एवढी किंमत का, तेही सांगतो. बँकेने न्याय दिला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; वकील लागत नाही, फी नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली पाहिजे. या प्रकरणाला लागू असलेल्या 2021 च्या योजनेत खुलासा असा होता की, तक्रार केल्याचा पुरावा दाखवता आला तर इतर मार्गाने केलेली तक्रारही लेखीच धरावी. म्हणजे फोनवरचे बोलणे नंबर जपला तर लेखी, हरवला तर वाऱ्यावर. त्याच योजनेत, बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तरच दिले नाही, तर लोकपालाचे दार उघडे होते. सबब आमच्या सभासदाला तीस दिवस थांबायचे कारणच नव्हते. वीस नोव्हेंबरचा "तक्रार बंद" हा मेसेज म्हणजेच नकार होता. उलट बाजूने वर्षाची मुदतही होती, ती उत्तराच्या तारखेपासून मोजायची. अशा मुदती बदलतात, म्हणून तक्रार देताना त्या दिवशी लागू असलेली योजना पाहावी. आणखी एक. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका सुरुवातीला या योजनेत नव्हत्या, त्या 1 नोव्हेंबर 2025 पासून आल्या. आपल्यातल्या अनेकांना हे माहीत नाही.

मग आम्ही एक अर्ज लिहिला. वर तिन्ही नंबर तारखांसह, खाली तीन मागण्या: त्या दिवशी त्या यंत्रातील रोकड मोजली तेव्हा जास्त निघाली काय, यंत्राच्या आतील नोंदीत नोटा दिल्याचे दिसते काय, आणि कॅमेऱ्याचे चित्रण राखून ठेवावे. ही शेवटची मागणी उशिरा करून उपयोग नसतो, काही काळाने चित्रण पुसले जाते. नोटा आल्या नाहीत हे आपल्या कागदांनी सिद्ध होत नाही, ते यंत्राच्या नोंदीनेच होते. आपले कागद त्या नोंदी वेळेत उघडायला लावतात. अर्जाच्या दोन प्रती केल्या, एकीवर शाखेचा शिक्का व तारीख घेतली. शिक्का द्यायला थोडी कां-कूं झाली. कोणी अजिबातच देत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती त्यालाच टाचावी. एटीएमची चिठ्ठी असेल तर तिची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी, त्या कागदावरची अक्षरे खिशात दोन महिन्यांत उडतात.

26 डिसेंबरला cms.rbi.org.in या ठिकाणी लोकपालाकडे तक्रार दाखल केली. तिचाही नंबर मिळाला, तो वहीत चौथा. 8 फेब्रुवारी 2024 ला दहा हजार परत जमा झाले.

इथे बहुतेक लोक वही मिटतात. पण रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे, एटीएममधून पैसे न येता खाते वजा झाले तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत ते परत व्हायला हवेत. पुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही खातेदाराने न मागता. बँकेने भरपाई दिली, पण दिवस मोजले सहा डिसेंबरच्या तक्रारीपासून. चौसष्ट दिवस, सहा हजार चारशे. वास्तविक मोजणी व्यवहाराच्या तारखेवरून हवी. दहाचे पाच दिवस पंधराला संपले, तिथून आठ फेब्रुवारीपर्यंत पंच्याऐंशी दिवस, म्हणजे आठ हजार पाचशे. उरलेल्या एकवीसशे रुपयांसाठी पुन्हा एक अर्ज दिला, सोबत दहा तारखेच्या मेसेजची छापील प्रत जोडली. मार्चमध्ये तेही आले. (हा नियम फसलेल्या व्यवहारालाच लागू. आपणच चुकीच्या खात्यावर पैसे पाठवले, किंवा ओटीपी सांगून फसलो, तर ही शंभराची भरपाई नाही.)

तात्या नंतर म्हणाले, "साहेब, काटा पावती दहा वर्षांची आहे माझ्याकडं, पिशवीत. हे नंबर म्हंजे पावतीच की." आम्ही काय निराळे सांगणार.

आमच्याकडेही बोट दाखवले पाहिजे. गट कार्यालयात येऊन नोंद चुकल्याचे, वजनात फरक पडल्याचे सांगणाऱ्या सभासदाला आम्ही कोणता नंबर देतो? स्लिपबॉय "सांगतो साहेबांना" म्हणतो, आणि ते तिथेच राहते. बँकेला जाब विचारणाऱ्यांनी स्वतःचे दप्तर आधी नीट करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रत्येक गटात तक्रारींचे एक पक्के नोंदबुक ठेवावे, सभासदाला क्रमांक व तारखेची चिठ्ठी द्यावी आणि उत्तराची प्रत तिथेच चिकटवावी, असा लेखी प्रस्ताव आम्ही कार्यालयाला दिला आहे. त्याची पोच आमच्याकडे आहे, जावक क्रमांकासह.