सीट बुक झाली, पण गाडी थांबणार कुठे? धुळे-जळगावहून कारपूल आणि वन-वे कॅब

कारपूल ॲपवर ‘धुळे ते पुणे’ शोधलं, की दिसणारी प्रत्येक गाडी धुळ्याचीच असते असं नाही. एखादी सकाळी इंदूरहून निघालेली असते. तिच्या मालकाने ‘इंदूर-पुणे’ एवढंच टाकलेलं असतं. त्याच्या रस्त्यावर धुळे येतं, म्हणून ॲप ती तुम्हाला दाखवतं. तेव्हा MH 18 ऐवजी MP 09 पाहून दचकायचं कारण नाही. खरी अडचण पिकअपची आहे.

ॲपला ‘धुळे’ म्हणजे नकाशावरचा एक बिंदू, आणि तो बहुतेकदा शहराच्या मध्यात पडतो. मुंबई-आग्रा महामार्ग मात्र शहराच्या पूर्वेकडून बाहेरूनच जातो. एका सीटसाठी ड्रायव्हर गर्दीतून बसस्टँडपर्यंत येईल ही अपेक्षा चुकीची आहे. तो म्हणतो, ‘हायवेला या.’ एवढ्यावर बोलणं संपलं, तर घोटाळा ठरलेलाच.

समजा जागा ठरली पारोळा चौफुली. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे पुण्याकडे, म्हणजे दक्षिणेला जाणारी गाडी महामार्गाच्या पूर्वेकडच्या बाजूला असते. तुम्ही शहरातून येता, तर पोचता पश्चिमेच्या बाजूला. तिथून गाड्या इंदूरकडे जातात! नकाशात दोघांचे ठिपके एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण मध्ये दुभाजक असतो. ड्रायव्हर पुढे निघून गेला आणि लळिंगच्या टोलनाक्याजवळ पोचला, की तो मागे फिरेल याची आशा सोडा.

दुसरी चूक व्हॉट्सॲपवर होते. लोक घरी बसून ‘करंट लोकेशन’ पाठवतात. मग ड्रायव्हरला पिन मिळते देवपूरमधल्या घराची. त्याऐवजी गूगल मॅप्समध्ये सॅटेलाइट व्ह्यू लावा, नेमक्या बाजूच्या सर्व्हिस रोडवर बोट दाबून पिन टाका आणि त्याची लिंक पाठवा. सोबत शब्दांतही लिहा: ‘पारोळा चौफुली, पुण्याकडे जाणारी बाजू, सर्व्हिस रोड. शिरपूर सोडलं की फोन करा.’ शिरपूरहून धुळं साधारण तासाभरावर आहे, तेवढ्यात तुम्ही निवांत पोचता. ‘दहा मिनिटांत येतो’ यापेक्षा गावाचं नाव जास्त खरं असतं.

जळगावातही तोच प्रकार. सुरत-नागपूर मार्गावरची गाडी पाळधी-तरसोद बाह्यवळणाने गेली, तर ती अजिंठा चौफुलीला येतच नाही. म्हणून बुकिंगआधीच विचारा: शहरातून येणार की बायपासने?

आता गाडी आणि ड्रायव्हर. कारपूलची गाडी खासगी, म्हणजे पांढऱ्या पाटीची. राज्य सरकारने १९ जानेवारी २०२३ च्या निर्णयाने खासगी वाहनं ॲपवरून पूलिंगसाठी वापरायला बंदी घातली होती. २०२५ मध्ये भूमिका बदलली आणि नोंदणीकृत ॲपमार्फत, अटी घालून कारपूलिंगला वाट देण्याचं धोरण आलं. पण खासगी गाडीच्या विम्यात भाडं घेऊन प्रवासी नेणं बसत नाही. पेट्रोल-टोल वाटून घेणं वेगळं आणि रोज चार सीट विकणं वेगळं. एकाच माणसाची गाडी दररोज त्याच मार्गावर दिसत असेल, तर तो कारपूल नाही, धंदा आहे. माझ्या मते अशा सीटपेक्षा टॅक्सी बरी.

वन-वे कॅबला पिवळी पाटी हवी. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. इथे गोंधळ वेगळा. तुम्ही बुकिंग करता एका कंपनीकडे, ती बऱ्याचदा ते स्थानिक गाडीवाल्याकडे सोपवते. त्याला परतीचं भाडं जुळवायचं असतं, नाहीतर रिकामी गाडी आणावी लागते. म्हणून ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर निघायच्या थोडंच आधी येतो, आणि कधी ऐनवेळी बदलतोही. बदल झाला तर नवा नंबर ड्रायव्हरच्या तोंडून नको, कंपनीच्या मेसेजमध्ये किंवा ॲपमध्ये आला पाहिजे.

नंबर आला की mParivahan ॲपमध्ये टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण वाहनाचा प्रकार आणि विम्याची मुदत कळते. टॅक्सी म्हणून पाठवलेल्या गाडीपुढे `Motor Cab` ऐवजी `Motor Car` आलं, तर ती खासगी गाडी आहे, कंपनीला फोन लावा. ड्रायव्हर कोण आहे हे मात्र या ॲपमधून कळत नाही. ते फोटो आणि नाव जुळवूनच पाहायचं. गाडीत बसण्याआधी त्यालाच विचारा, ‘कोणाचं बुकिंग आहे?’ तुमचं नाव तुम्ही आधी सांगू नका.

आणि कोणी म्हणालं, ‘ॲपवर कॅन्सल करा, रोख द्या, दोनशे कमी घेतो’, तर नको म्हणा. कॅन्सल झाल्यावर त्या गाडीत तुम्ही बसला होतात याची ॲपकडे नोंदच उरत नाही. रस्त्यात काही झालं तर कंपनी तेच सांगेल, आणि तिचं बरोबरही असेल.