हप्ता पाचला, पगार सातला

माझ्या भाच्याने नोकरी बदलली आणि पगाराची तारीख १ वरून ७ वर गेली. घरकर्जाचा हप्ता मात्र ५ तारखेलाच खात्यातून जातो. पगार चांगला, हप्ता झेपणारा, तरी हप्ता बाउन्स होतो. मग पगाराचं खातं असलेली बँक परतीचं शुल्क लावते, कर्ज देणारी बँक वेगळा दंड लावते आणि उशिराची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये जाऊ शकते. मला याचाच राग येतो, कारण या माणसाने काहीही बुडवलेलं नाही.

उपाय म्हणजे कर्ज दिलेल्या शाखेला एक पत्र. आम्ही ते असं लिहिलं: ‘माझ्या गृहकर्ज खात्याचा हप्ता दरमहा ५ तारखेला वसूल होतो. नोकरी बदलल्यामुळे माझा पगार आता ७ तारखेला जमा होतो. कृपया हप्त्याची तारीख १० करावी. मधल्या दिवसांचं व्याज भरण्यास मी तयार आहे. परतफेडीचं सुधारित वेळापत्रक लेखी द्यावं.’ सोबत तीन महिन्यांचं खातेपत्रक आणि नव्या कंपनीचं पगाराच्या तारखेचं पत्र जोडलं. दुसऱ्या प्रतीवर पोहोचल्याचा शिक्का घेतला.

तारीख ७ का मागितली नाही? हप्त्याची मागणी सकाळीच खात्यावर येऊ शकते आणि पगार संध्याकाळी पडू शकतो. शिवाय १ ऑगस्ट २०२१पासून हप्ते वसूल करणारी नॅच यंत्रणा रविवारी आणि सणासुदीलाही चालते. कंपनीचा हिशेब विभाग मात्र रविवारी बंद असतो. म्हणून दोन-तीन दिवसांची मोकळीक हवीच.

मधल्या दिवसांच्या व्याजाचं वाक्य मुद्दाम घातलं. बाकी १८ लाख आणि व्याजदर ९ टक्के असेल, तर पाच दिवसांचं व्याज जवळपास २,२०० रुपये होतं. ते एकदाच द्यायचं असतं. बँक तारीख बदलून द्यायला बांधील नाही. काही बँका ठरावीक तारखांमधूनच निवडू देतात, काही शुल्क घेतात. पण हे व्याज आपणच मान्य केलं की नकाराचं एक कारण कमी होतं.

पत्र दिलं म्हणजे तारीख बदलली, असं समजू नये. लेखी होकार येईपर्यंत ४ तारखेच्या रात्री खात्यात हप्त्याएवढी रक्कम हवी, कारण वसुलीची यादी आधीच पुढे गेलेली असते. होकार आला की जुनं नॅच मँडेट चालेल की नवं द्यावं लागेल, हे विचारावं. नवं दिलं असेल तर जुनं रद्द झाल्याचं लेखी घ्यावं, नाहीतर एकाच महिन्यात ५ तारखेला एक आणि १० तारखेला दुसरा हप्ता जायचा.