मुगाचे दहा दाणे

पहिलटकरीण लेक सातव्या महिन्यात माहेरी येते, त्या रिवाजाप्रमाणे आमची श्रेया पुण्याहून देवळीस आली. एकतिसावा आठवडा चालू होता. सोबत तपासण्यांची जाड फाईल होती आणि मनात त्याहून जाड भीती. बँकेत छत्तीस वर्षे काढल्यामुळे मी ती फाईल तारीखवार लावून दिली. भीतीचे काय करावे हे मात्र मला कळेना. ते काम माझ्या आईने केले. तिला आता शहाऐंशीवे वर्ष आहे.

त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी अंथऊ उरकला आणि श्रेया ओसरीवर गप्प बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, दुपारपासून बाळ हललेलंच नाही गं."

"हललं नाही, की तुझं लक्ष नव्हतं?"

"दुपारभर पाहुणे होते. नीट आठवत नाही."

आईने तिला आतल्या खोलीत डाव्या कुशीवर निजविले. दोन वाट्या आणल्या, एकीत मुगाचे दहा दाणे टाकले आणि मला घड्याळ पाहायला बसविले. "बाळ हललं की एक दाणा दुसऱ्या वाटीत टाक. लाथ असो, कूस बदलणं असो, नुसती सळसळ असो, सगळं धरायचं. ठेक्यात लागते ती उचकी; तेवढी धरायची नाही."

मोजण्याची रीत श्रेयाला डॉक्टरांनीच सांगितली होती: अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर, दोन तासांत दहा हालचाली. दाण्यांची युक्ती तेवढी आईची.

पहिली पंचवीस मिनिटे एकही दाणा हलला नाही. श्रेयाचे डोळे भरून आले. आई तिच्या पायांवरून हात फिरवीत म्हणाली, "पोटातलं बाळही झोपतं. वीस मिनिटं, कधी चाळीस. अजून वेळ आहे. आणि दोन तासांत दहा झाले नाहीत, तर रात्र असली तरी निघायचं. सकाळची वाट पाहायची नाही."

"तुमच्या वेळी कोण मोजत होतं?"

आई क्षणभर थांबली. मग जे बोलली ते मी सहासष्ट वर्षांत प्रथमच ऐकत होतो.

"तुझ्या बाबांच्या आधी मला एक मुलगा झाला होता. नववा महिना लागला होता. एका सोमवारी त्याचं हलणं कमी झालं. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नवव्यात जागा पुरत नाही, बाळ निवांत होतं. त्यांनाही त्यांच्या सासूनं तेच सांगितलं असणार. मंगळवारी काहीच नाही. बुधवारी सुईणीनं हात लावला आणि ती खाली बघू लागली."

घड्याळाकडे पाहण्याचे माझे भान हरपले. या घरातला थोरला म्हणून मी आजवर मिरवत आलो होतो.

"लवकर गेलो असतो तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही," आई म्हणाली. "का गेला ते कुणालाच कळलं नाही. पण विचारायला तरी गेलो असतो."

दुसऱ्या खेपेस, म्हणजे माझ्या वेळी, आजोबांनी तिला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखविले. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावले की बाळाचे हलणे शेवटपर्यंत चालू राहते. जागा कमी झाली की लाथेऐवजी ढोसणे, सरकणे जाणवेल. थांबणार मात्र नाही. वारेतून पोषण कमी पडू लागले की बाळ आपली शक्ती राखण्यासाठी हालचाल आवरते. म्हणून कमी झालेले हलणे हा निरोप समजायचा. आठव्या महिन्यात तिला एकदा तसे वाटले, तेव्हा आजोबांनी रात्रीच बैलगाडी जुंपली. वर्धा ओलांडून सेवाग्रामला पोहोचेपर्यंत उजाडले. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ठोके ऐकले आणि हसून तिला परत पाठविले.

"म्हणजे फेरी फुकट गेली?" श्रेयाने विचारले.

"मी तिथून जेवढी निर्धास्त परतले ना, ती फुकट कशी?"

तेवढ्यात श्रेया दचकली आणि तिने एक दाणा उचलला. लगेच दुसरा. दहावा दाणा पडला तेव्हा पंचावन्न मिनिटे झाली होती. मी आकडा कागदावर मांडला.

"आता रोज याच वेळी मोजू," श्रेया म्हणाली.

"मोज. पण आकड्यावरच विसंबू नकोस. तुझ्या बाळाची रोजची चाल तुला ठाऊक होईल. दहा भरले आणि तरी आज काही वेगळं आहे असं वाटलं, तर डॉक्टरांना फोन कर. बोलावतील तर जायचं. कुणी हसलं तर हसू दे."

श्रेया झोपल्यावर मी आईला विचारले, "त्याचं नाव काय ठेवणार होता?"

"नाव बारशाला ठेवतात," ती म्हणाली. दाणे डब्यात न टाकता तिने वाटी श्रेयाच्या उशाशी ठेवली. मग दिवा मालवताना विचारले, "गाडीत पेट्रोल आहे ना रे?"

नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत आधी मी ते भरून आणले.