तक्रारीपाठोपाठ आलेले ताकीदपत्र

यंत्राला गार्ड नाही म्हणून कामगाराने लेखी तक्रार करावी आणि पंधरवड्याच्या आत त्याच्याच हाती ‘शिस्तभंगाबद्दल ताकीद’ असा कागद पडावा, हा अनुभव देशातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीतील कामगाराला नवा नाही. ताकीदपत्राने पगार कापला जात नाही, नोकरी जात नाही. त्यामुळे ‘कागदच तो, पडू दे’ असे म्हणून पुष्कळसे कामगार तो घडी करून खिशात घालतात. व्यवस्थापनाला नेमके हेच हवे असते.

कारण ताकीदपत्राचा रोख आजवर नसून उद्यावर असतो. कारखान्यांना दीर्घकाळ लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांत शिक्षा ठरवताना कामगाराची ‘पूर्वीची कारकीर्द’ विचारात घ्यावी, असे म्हटले होते. ही कारकीर्द म्हणजे दुसरेतिसरे काही नसून कामगाराच्या फायलीतील कागद. दोन-तीन वर्षांनी एखाद्या क्षुल्लक आरोपावरून त्याला बडतर्फ करावयाचे झाले की ही फाइल उघडली जाते आणि ‘यापूर्वी ताकीद देऊनही वर्तनात सुधारणा नाही’ हे वाक्य तयार सापडते. पूर्वीची कारकीर्द शिक्षेसाठी आधार म्हणून धरायची असेल तर तशी स्पष्ट सूचना आधी दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हैसूर राज्य विरुद्ध मंचे गौडा या सरकारी नोकराच्या खटल्यात 1963 सालीच सांगितले. परंतु सूचना मिळाल्यावर कामगार काय सांगणार? ताकीद मिळाली त्या वेळी तो गप्प राहिला असेल, तर त्या मौनाचाच अर्थ कबुली असा लावला जातो. म्हणून उत्तर आजच, आणि त्याच फायलीत गेले पाहिजे.

हे उत्तर कसे असावे, हे एका कल्पित पण नित्याच्या उदाहरणावरून पाहू. समजा, पॉवर प्रेसवर नऊ वर्षे काम करणारा एक कामगार आहे. नऊ वर्षांत त्याच्याविरुद्ध एकही कागद नाही. महिन्याच्या 4 तारखेला तो खातेप्रमुखाकडे लेखी तक्रार देतो की, तीन क्रमांकाच्या प्रेसचा पुढचा गार्ड काढून ठेवला आहे व हात डायखाली जाण्याचा धोका आहे. तक्रारीच्या प्रतीवर तो पोच घेतो. 19 तारखेला त्याला ताकीदपत्र मिळते. त्यात तीन आरोप आहेत: 11 व 13 तारखेला तो उशिरा आला, त्याचे उत्पादन घटले, आणि सुपरवायझरशी त्याचे वर्तन उद्धट असते. शेवटी म्हटले आहे की, पुन्हा असे घडल्यास कडक कारवाई केली जाईल.

पहिला प्रश्न सहीचा. ताकीदपत्र घेण्याचे नाकारून काही साधत नाही. व्यवस्थापन ते पोस्टाने घरी पाठवते किंवा सूचनाफलकावर लावते, आणि नकार हाच नवा आरोप होतो. पत्र घ्यावे, पण सहीच्या शेजारी ‘पत्र मिळाले, मजकूर मान्य नाही’ असे लिहून तारीख घालावी. पोच म्हणजे कबुली नव्हे, हे त्या एका ओळीने ठरते. ‘माफीनामा लिहून दे, प्रकरण मिटवू’ असे सांगितले गेल्यास तो मुळीच लिहून देऊ नये. ताकीदपत्र हा मालकाचा आरोप असतो, पण माफीनामा ही कामगाराची स्वतःची साक्ष होऊन बसते.

दुसरा प्रश्न मजकुराचा. येथे सर्वांत मोठी चूक संतापाने होते. ‘हे सूडबुद्धीने केलेले कारस्थान आहे, साहेब खोटे बोलतात’ अशा भाषेचे पत्र वाचायला खमंग वाटते, परंतु त्याने काहीच सिद्ध होत नाही आणि उद्धटपणाच्या आरोपाला मात्र पुरावा मिळतो. सूड हा शब्द पत्रात एकदाही न लिहिता तो तारखांच्या क्रमातून दिसला पाहिजे. म्हणून प्रत्येक आरोप वेगळा घ्यावा आणि त्यातील जे खरे असेल ते खरे म्हणून सांगावे.

या कामगाराला 11 व 13 तारखेला उशीर झाला, हे खरे आहे. टाइम-ऑफिसच्या नोंदीत तो नऊ-नऊ मिनिटांचा दिसतो. परंतु त्या दोन्ही दिवशी कंपनीचीच बस उशिरा पोहोचली होती आणि तिच्यातून आलेल्या बारा जणांची कार्डे त्याच वेळी पंच झाली. बाराजणांपैकी ताकीद एकट्यालाच का, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो. शिवाय आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून गणला गेला होता तो ‘सवयीचा’ उशीर. दोन दिवस म्हणजे सवय नव्हे. उत्पादन घटल्याचा आरोप तर तक्रारीलाच पुष्टी देतो: 6 आणि 7 तारखेला गार्ड तपासण्यासाठी प्रेस काही तास बंद होती व लॉगबुकात तशी नोंद आहे. उद्धटपणाच्या आरोपाला तारीख नाही, वेळ नाही, शब्द नाहीत, साक्षीदार नाही. त्याला इतकेच उत्तर पुरेसे आहे: ‘प्रसंग, तारीख व उच्चारलेले शब्द कळवावेत, त्यावाचून या आरोपाला उत्तर देणे शक्य नाही, व तो अमान्य आहे.’

तक्रार आणि ताकीद यांचा संबंध दाखवताना केवळ कालावधीवर भिस्त ठेवून भागत नाही. पंधरा दिवसांचे अंतर संशय निर्माण करते; सिद्धता करत नाही. व्यवस्थापन म्हणेल की हा योगायोग आहे. तो योगायोग नाही असे दाखवणाऱ्या गोष्टी चार: ताकीद देणाऱ्याला तक्रार माहीत होती, आणि पोचेवर त्याचीच सही आहे, त्याआधीची नऊ वर्षे निष्कलंक होती, तोच उशीर करणाऱ्या इतरांना काही झाले नाही, आणि ताकीद देण्यापूर्वी कामगाराला विचारणा झाली नाही. या चारही गोष्टी कागदावर असल्या की योगायोगाची सबब लंगडी पडते. यांपैकी एकच असेल तर पत्रात तेवढेच लिहावे; नसलेले लिहू नये.

तिसरी गोष्ट बहुतेक पत्रांतून निसटते. ताकीदपत्राचा एक हेतू विषय बदलणे हाही असतो. 4 तारखेला चर्चा यंत्राची होती. 19 तारखेनंतर ती माणसाची झाली. कामगार स्वतःच्या वर्तनाचा बचाव करीत राहतो आणि प्रेस गार्डवाचून चालूच राहते. म्हणून पत्राच्या शेवटी मागण्या स्पष्ट असाव्यात: ताकीदपत्र मागे घ्यावे व फायलीतून काढल्याचे लेखी कळवावे; निर्णय होईपर्यंत वेतनवाढ, बढती वा बदलीसाठी त्याचा आधार घेऊ नये; ते मागे घेतले न गेल्यास हे उत्तर त्याच्याबरोबर फायलीत ठेवावे; आणि 4 तारखेच्या तक्रारीवर काय कारवाई झाली ते कळवावे. ही शेवटची मागणी गाळली तर व्यवस्थापनाने निम्मी लढाई जिंकलीच.

आता प्रश्न हे पत्र जाते कोठे याचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 अमलात आली आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात विलीन झाला. जुन्या कायद्यात एकट्या कामगाराला स्वतःच्या नावाने विवाद उभा करता येत असे तो बडतर्फी, सेवामुक्ती, कपात यांसारख्या नोकरी जाण्याच्या बाबतीतच. नव्या संहितेतही तसेच आहे. ताकीद त्यात बसत नाही. ताकीद मिळालेल्या कामगारासाठी संहितेच्या चौथ्या कलमाने दाखवलेला मार्ग तक्रार निवारण समितीचा आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ही समिती असलीच पाहिजे. तिच्यात मालकाचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान, एकूण दहापर्यंत. अर्ज एका वर्षाच्या आत करता येतो, परंतु वर्षभर थांबण्यात शहाणपण नाही. साक्षीदार विसरतात आणि लॉगबुके हरवतात. समितीने तीस दिवसांत काम पुरे करावे अशी तरतूद आहे. कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्यांहून अधिकांची संमती नसेल, तर निर्णय झालाच नाही असे मानले जाते.

तेथे न्याय मिळाला नाही तर साठ दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. मात्र कामगार ज्या युनियनचा सभासद असेल तिच्यामार्फत. ताकीदपत्राला एकट्याने उत्तर देता येते, पण पहिल्या पायरीच्या पुढे एकट्याला वाट नाही. म्हणून पत्रावर सही कामगाराची असावी, प्रत युनियनला असावी, आणि समितीवर बसणाऱ्या प्रतिनिधीने ती बैठकीपूर्वी वाचलेली असावी.

मर्यादाही लपवून ठेवण्यासारख्या नाहीत. औद्योगिक विवादासंबंधी चौकशीत वा कामकाजात मालकाविरुद्ध तक्रार केली किंवा साक्ष दिली म्हणून कामगाराशी भेदभाव करणे, ही अनुचित कामगार प्रथा मानली गेली आहे. पण केवळ खातेप्रमुखाला दिलेली तक्रार त्या शब्दांत बसते की नाही, यावर मालकाचा वकील वाद घालणारच. म्हणूनच सुरक्षिततेची मूळ तक्रार युनियनच्या पत्रानेही जावी, हे बरे. स्थायी आदेशांची सक्ती नव्या संहितेने तीनशे कामगारांच्या आस्थापनांपर्यंत वर नेली; पूर्वी ही मर्यादा शंभरांची होती. लहान कारखान्यात ‘सवयीचा उशीर’ म्हणजे काय, हे सांगणारा लेखी नियमच पुष्कळदा सापडणार नाही. आणि कंत्राटी कामगाराला तर ताकीदपत्रही मिळत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी फाटकावरच अडवले जाते. त्याची तक्रार सुरुवातीपासूनच इतरांच्या सह्यांनिशी जाणे, हाच त्याचा खरा आडोसा.

तक्रार करणाऱ्याला त्यापायी कोणताही त्रास होता कामा नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 सालच्या आपल्या 130 क्रमांकाच्या शिफारशीत नमूद केले आहे. भारतातही 1958 साली मालक व कामगार संघटनांनी संमत केलेल्या आदर्श तक्रार कार्यपद्धतीत पहिल्या पायरीवरील उत्तर 48 तासांत मिळावे असे ठरले होते. तत्त्वांची उणीव कधीच नव्हती. उणीव असते ती कामगाराच्या बाजूच्या तारीखवार कागदाची, आणि तो कागद पुढे रेटणाऱ्या संघटनेची. फायलीत ताकीदपत्र एकटे राहिले तर ते मालकाची बाजू मांडत राहील. त्याच्या पाठीला कामगाराचे उत्तर टाचलेले असेल, तर उद्याच्या चौकशी अधिकाऱ्याला 4 तारीख आणि 19 तारीख दोन्ही वाचाव्या लागतील.