दोन टक्के, पण कशावर?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिनशॉपच्या बिलावर, बँक खात्याच्या तपशिलाखाली, एक ओळ छापलेली असते: ‘१० दिवसांत पेमेंट केल्यास २% सूट.’ त्यांचं ३ मार्चचं एक बिल होतं. मालाची किंमत २,४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३,२००, एकूण २,८३,२००. गिऱ्हाईक कंपनीने पैसे पाठवले, पण ५,६६४ रुपये कापून. मालकांच्या हिशेबाने ४,८०० कापायला हवे होते.

“बिलाच्या दोन टक्के कापले, साहेब,” कंपनीचा अकाउंटंट फोनवर म्हणाला.

“अहो, सूट मी माझ्या मालावर देतोय. सरकारच्या टॅक्सवर कुठनं देऊ?” मालक म्हणाले.

दोघांचंही बरोबर होतं, कारण दोन टक्के कशाचे हे त्या ओळीत लिहिलेलंच नव्हतं.

वाद ८६४ रुपयांचा होता, आणि ही रक्कम नेमकी ४,८०० वरचा १८ टक्के जीएसटी आहे. कंपनीने एकूण बिलावर दोन टक्के कापले म्हणजे मालावरची सूट कापली आणि त्या सुटीवरचा करही कापला. तो कर मालकांनी मात्र पूर्ण ४३,२०० दाखवून भरलेला. कंपनीने आपल्या बाजूला ४३,२०० चं क्रेडिटही घेतलेलं. म्हणजे हे ८६४ मालकांच्या खिशातून गेले.

मग बिल करतानाच सूट वजा करून कर कमी का लावू नये? कारण सूट अजून मिळालेलीच नसते. गिऱ्हाईक दहा दिवसांत पैसे देईल की नाही, हे माल टेम्पोत चढताना कुणालाच ठाऊक नसतं. आधीच वजा केली आणि पैसे चाळिसाव्या दिवशी आले, की डेबिट नोट काढायची, वाढीव कर भरायचा, गिऱ्हाइकाशी तोंड वाजवायचं. त्यापेक्षा कर पूर्ण रकमेवर लावावा आणि पैसे वेळेत जमा झाले की सुटीची क्रेडिट नोट द्यावी.

ही नोट दोन तऱ्हांची असते. पहिलीत जीएसटीही कमी होतो. मालक ४,८०० अधिक ८६४ अशी ५,६६४ ची नोट काढतात, ती रिटर्नमध्ये दाखवतात, आणि गिऱ्हाइकाला ८६४ चं क्रेडिट परत करावं लागतं. यासाठी सूट माल जाण्याआधीच ठरलेली असणं आणि नोट त्याच बिलाच्या नंबराशी जोडलेली असणं सर्वात सुरक्षित, म्हणून पर्चेस ऑर्डरमध्येही अट लिहून घ्यावी. दुसरी नोट नुसती व्यापारी, करात हात न घालणारी. ४,८०० ची नोट द्यायची, कर दोघांकडेही जसाच्या तसा. यात गिऱ्हाइकाला क्रेडिट परत करावं लागत नाही. दोन्ही वाटांनी मालकांना सूट ४,८०० लाच पडते. पहिलीत कंपनीने ८६४ कमी दिले तरी तेवढं क्रेडिटही तिच्या हातून जातं, म्हणून तिलाही खरा फायदा ४,८०० चाच. लहान कारखान्याला मी दुसरी वाट सुचवतो. दर महिन्याला गिऱ्हाइकाने क्रेडिट परत केलं का, हे बघत बसायला तिथे माणूस नसतो.

तेव्हा त्या अर्ध्या ओळीच्या जागी आम्ही हे छापलं:

‘या बिलाची सूट वजा जाता उरणारी पूर्ण रक्कम १३ मार्चपर्यंत आमच्या बँक खात्यात जमा झाल्यास करपूर्व किमतीवर २% सूट. हिशेब: २,४०,००० × २% = ४,८००. जीएसटी ४३,२०० कायम. १३ मार्चपर्यंत भरायची रक्कम: २,८३,२०० − ४,८०० = २,७८,४०० रु. त्यानंतर १७ एप्रिलपर्यंत २,८३,२०० रु. सुटीची क्रेडिट नोट रक्कम जमा झाल्यावर, जीएसटीत बदल न करता. मुदतीनंतर कापलेली सूट येणे बाकी धरली जाईल.’

ओळ लांबली खरी, पण तिचा बराच भाग नुसते आकडे आहेत. पैसे पाठवणारा कारकून टक्केवारी वाचत नाही, रक्कम टाइप करतो. त्याला २,७८,४०० हा आकडा तयार मिळाला की हिशेब चुकायला जागाच राहत नाही. ‘दहा दिवस’ काढून तारीख घातली तीही यासाठीच. दहा दिवस बिलाच्या तारखेपासून, माल पोचल्यापासून, की गेटवर तपासणी होऊन जीआरएन निघाल्यापासून, यावर प्रत्येक कंपनीचं मत वेगळं असतं. आणि ‘खात्यात जमा’ हे दोन शब्द नसतील तर तेरा तारखेचा चेक सोळाला वटतो आणि सूट मात्र कापलेलीच असते.

आता मूळ प्रश्न: दोन टक्के द्यावेत का? मालक म्हणत, दोन टक्क्यांनी काय होतंय! होतं. ४,८०० रुपये सोडून त्यांना २,७८,४०० रुपये ३५ दिवस आधी मिळतात. ४,८०० ला २,७८,४०० ने भागलं की सुमारे १.७२ टक्के येतात. ते ३५ दिवसांचे. वर्षावर न्यायचे तर ३६५ भागिले ३५ ने गुणायचे, म्हणजे जवळजवळ १८ टक्के. बँकेची कॅश क्रेडिट ११ टक्क्यांनी मिळत असेल तर तेवढेच पैसे तेवढेच दिवस वापरायला २,९३७ रुपयांच्या आसपास व्याज पडतं. ४,८०० देऊन २,९३७ वाचवायचे, हा धंदा नाही.

पण मी त्यांची जुनी येणी काढली आणि चित्र पालटलं. ४५ दिवसांची मुदत कागदावर होती, ही कंपनी पैसे देत होती पंच्याहत्तराव्या दिवसाच्या आसपास. सूट दिल्याने वाचतात ते ३५ दिवस नव्हेत, ६५. तोच हिशेब ६५ दिवसांवर केला तर दर येतो ९.७ टक्के, आणि वाचणारं व्याज ५,४५४. इथे दोन टक्के परवडतात. (सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे, उशिरावर चक्रवाढ व्याजही आहे. पण एकुलत्या मोठ्या गिऱ्हाइकावर कायदा उगारणारा मालक मला अजून भेटायचाय.) त्यांचं दुसरं एक गिऱ्हाईक चाळिसाव्या दिवशी न चुकता पैसे टाकतं. त्याच्या बिलावरून सुटीची ओळ आम्ही काढूनच टाकली. तिथे ती वेळेवर येणाऱ्या पैशांतून फुकट गेली असती.

तरी पहिल्या महिन्यात कंपनीने सूट घेतली नाही. मालक हिरमुसले. चौकशी केली तर कळलं, तिथे पैसे महिन्यातून दोनदाच सुटतात, ७ आणि २२ तारखेला. तीन तारखेचं बिल सातपर्यंत पास होत नाही आणि तेराची मुदत बावीसच्या आधीच संपते. आता मालक सुटीची तारीख मोजून काढत नाहीत, पुढच्या पेमेंटची २२ तारीखच छापतात. नऊ दिवस जास्त जातात आणि पंच्याहत्तराऐवजी एकोणिसाव्या दिवशी पैसे येतात. दोन टक्क्यांचे दीड करावेत का, यावर सध्या आमचा खल चालला आहे.